कुलमुखत्यारपत्र आणि मालकाचा मृत्यू : ग्राहकांसाठी माहिती

कुलमुखत्यारपत्रामुळे मुखत्याराला मालमत्ता मिळत नाही. मालकाच्या वतीने सही करण्याचा अधिकार तेवढा मिळतो. त्याची सही कायद्याच्या दृष्टीने मालकाचीच सही असते, आणि मयत व्यक्तीला सही करता येत नसल्यामुळे तिच्या वतीनेही ती कोणाला करता येत नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 201 नुसार मालकाच्या मृत्यूबरोबर हा अधिकार संपतो. त्यासाठी रद्दलेख करावा लागत नाही, आणि पत्र नोंदणीकृत असले तरी फरक पडत नाही. मालमत्ता आता वारसांची झालेली असते, आणि वारसांनी मुखत्याराला काहीही लिहून दिलेले नसते.

समजा, दुबईत राहणाऱ्या एका गृहस्थांनी साताऱ्यातील स्वकष्टार्जित प्लॉट विकण्यासाठी पुतण्याला कुलमुखत्यारपत्र दिले. पुतण्याने 5 तारखेला विसार घेऊन साठेखत नोंदवले, खरेदीखतासाठी 20 तारीख ठरली आणि 17 तारखेला काका वारले. साठेखत काकांच्या हयातीतले असल्यामुळे ते शाबूत राहते आणि कलम 37 प्रमाणे सर्वसाधारणपणे वारसांवर बंधनकारक ठरते. खरेदीखत मात्र पुतण्याला करून देता येत नाही. “सगळे ठरलेलेच होते, सही तेवढी राहिली होती,” असे आमच्या कार्यालयात नेहमी ऐकू येते. पण मालकी बदलते ती त्याच राहिलेल्या सहीने. शिवाय, कुलमुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मयत झालेली नाही, असे घोषणापत्र मुखत्याराला दुय्यम निबंधकांसमोर द्यावे लागते, आणि ते जाणूनबुजून खोटे दिल्यास नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 82 खाली शिक्षा होऊ शकते.

अशा वेळी खरेदीखतावर सर्व वारसांच्या सह्या लागतात. मृत्युपत्र नसलेल्या हिंदू पुरुषाच्या बाबतीत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर आईही प्रथम वर्गाची वारस असते. वारस नोंदीच्या अर्जात तिचे नाव सुटल्यामुळे पुढे अडलेले व्यवहार आम्ही पाहिले आहेत. येऊ न शकणाऱ्या वारसाने पुतण्यालाच नवे कुलमुखत्यारपत्र द्यायला हरकत नाही.

पत्रावर “अपरिवर्तनीय” असे छापलेले असले की ते मृत्यूनंतरही चालते, हा समज चुकीचा आहे. कलम 202 चा अपवाद मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत असेल तेव्हाच लागू होतो, उदाहरणार्थ दिलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी सावकाराला जमीन विकण्याचा अधिकार दिला असेल तर. पुतण्याचा तसा हितसंबंध नसतो, मग शब्द कोणताही असो.

मुखत्यारामार्फत खरेदी करताना सहीच्या दिवशी सकाळी मालकाशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोलावे आणि उरलेली रक्कम त्यानंतरच द्यावी.