डेकवरचं डॉल्बीचं बटण नेमकं काय करतं?

गिरगाव-दादरच्या जुन्या घरांत माळा आवरायला काढला की कॅसेटचं एखादं खोकं हमखास निघतं. गणेशोत्सवातलं गाणं, वाडीतली बैठक, कुणीतरी हौसेने डेक लावून उतरवून घेतलेली. लेबलवर गायकाचं नाव, राग, तारीख आणि कोपऱ्यात पेनाने 'डॉल्बी बी'. मिरवणुकीत छाती हादरवणाऱ्या स्पीकरांच्या भिंतीला आपण डॉल्बी म्हणतो, त्याचा इथे काही संबंध नाही. हा डॉल्बी म्हणजे डेकवरचं एक बटण. टेपमधून येणारा सूंऽऽ असा आवाज, म्हणजे हिस, लपवण्यासाठी ते दिलेलं असतं.

आधी ही हिस येते कुठून ते पाहू. टेपवर बारीक चुंबकीय कणांचा थर असतो आणि कण कितीही बारीक असले तरी त्यांची मांडणी थोडी अनियमित असतेच. एका क्षणी हेडसमोरून जितके जास्त कण जातील, तितकी ही अनियमितता एकमेकांत जिरून जाते. कॅसेटमध्ये नेमकी त्याचीच चणचण. फीत 3.81 मिलिमीटर रुंद, तिच्यावर दोन बाजूंचे मिळून चार ट्रॅक, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम 0.6 मिलिमीटर. वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. स्टुडिओतली टेप 38 सेंटिमीटर वेगाने धावायची. तेव्हा कॅसेटवर हिस राहणारच, आणि आपल्या कानाला ती जाणवते मुख्यतः वरच्या, तीक्ष्ण स्वरपट्ट्यात.

ट्रेबल कमी केला की हिस कमी होते, पण तानपुऱ्याची जवारीही जाते. रे डॉल्बी या अमेरिकी अभियंत्याने यावर काढलेला तोडगा वेगळा होता. 1963 ते 1965 या काळात ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतातच होते. इथून लंडनला जाऊन त्यांनी 1965 मध्ये कंपनी काढली. आधी स्टुडिओंसाठी 'डॉल्बी ए' आलं, मग 1968 मध्ये घरगुती यंत्रांसाठी सोपं केलेलं 'डॉल्बी बी'.

तोडग्याचा गाभा असा: हिस टेपवर मिसळते, म्हणून आवाज टेपवर जाण्याआधीच त्यातला हळू भाग उचलून घ्यायचा आणि वाजवताना तेवढाच खाली आणायचा. मूळ आवाज जागच्या जागी परततो. हिस मात्र उचलल्यानंतर मिसळलेली असल्यामुळे ती नुसतीच खाली जाते.

वाडीतल्या त्या बैठकीवर हे लावून पाहू. टेप सहन करू शकेल अशी मोठी पातळी शून्य डेसिबल मानू. गायक अजून लागायचा आहे, फक्त तानपुरे झणकारताहेत. त्यांचा वरच्या पट्ट्यातला झणकार आहे उणे 40 वर. डॉल्बी बी तो सुमारे 10 डेसिबलने उचलतं, म्हणजे आंदोलनाची उंची तिपटीहून थोडी जास्त, आणि टेपवर तो उणे 30 ला जातो. वाजवताना उलट सर्किट हाच पट्टा 10 डेसिबलने खाली ओढतं. तानपुरा पुन्हा उणे 40 वर आणि हिस आधीपेक्षा 10 डेसिबल खाली. आता तबलजीने दायांच्या किनारीवर कडक 'ना' वाजवला, वरचा पट्टा एकदम शून्याजवळ गेला. इथे सर्किट काहीच उचलत नाही. उचललं असतं तर टेप फाटक्या आवाजात ओरडली असती. अर्थात वाजवताना काही खाली ओढलंही जात नाही, म्हणजे त्या क्षणी हिस पूर्ण आहे. ती ऐकू येत नाही, कारण त्याच पट्ट्यातला मोठा आवाज तिला झाकून टाकतो. कानाची ही सवय नसती तर सगळं तंत्र फुकट गेलं असतं.

'त्याच पट्ट्यातला' ही अट महत्त्वाची. 1970 च्या दशकात आलेली डीबीएक्स ही दुसरी पद्धत सगळा आवाज एकत्र दाबायची: 60 डेसिबलचा विस्तार टेपवर 30 मध्ये बसवायचा आणि वाजवताना पुन्हा 60 करायचा. आकड्यांत ही डॉल्बी बीच्या कितीतरी पुढे. पण शांततेत बायाँचा एकटा घुमारा उठला की डीबीएक्स सगळ्या पट्ट्यांना वर आणते, हिससकट, आणि खर्जातला घुमारा वरच्या पट्ट्यातली हिस झाकू शकत नाही. मग प्रत्येक ठोक्यामागे टेपने श्वास सोडल्यासारखं ऐकू येतं. डॉल्बी बी फक्त वरच्या पट्ट्याला हात लावतं, त्यामुळे बायाँ कितीही घुमला तरी हिस दबलेलीच राहते. 10 डेसिबलचा फायदा कमी वाटेल, पण मैफिलीसाठी मला तोच जास्त विश्वासाचा वाटतो.

आता यातली खरी नाजूक जागा. कुठे किती उचललं याची नोंद टेपवर कुठेच नसते. वाजवणारं सर्किट टेपवरून येणारा आवाज किती मोठा आहे हे पाहून अंदाज बांधतं: हळू आहे, म्हणजे उचललेला असणार, खाली आण. पातळी बरोबर असेल तर अंदाज अचूक ठरतो, कारण दोन्ही वेळी तेच सर्किट वापरलेलं असतं, फक्त एकदा भर घालायला आणि एकदा वजा करायला. पातळी चुकली की अंदाजही चुकतो.

आणि घरगुती कॅसेटवर ती चुकतेच. बहुतेक वेळा दोषी असतो हेडचा कोन. हेडमधली चीर फितीच्या धावण्याला काटकोनात हवी. अंशाच्या छोट्या भागाने जरी ती तिरकी झाली, तरी वरचा पट्टा दुबळा येतो. समजा 3 डेसिबलने दुबळा आला. मूळचा 40 डेसिबलचा विस्तार टेपवर 30 मध्ये बसवलेला आहे, म्हणून उलगडताना या 3 चे सरासरी 4 होतात, मधल्या पातळ्यांवर त्याहूनही जास्त. शून्याजवळच्या ठोक्याला ही वाढीव कात्री लागत नाही. म्हणून नुसता मंद आवाज आणि चुकलेला डॉल्बी यांत फरक ओळखता येतो: मंद आवाज सतत मंद असतो, चुकलेल्या डॉल्बीत झणकार ठोक्याबरोबर उजळतो आणि लगेच विझतो.

अशा वेळी लोक चिडून डॉल्बी बंद करतात. आवाज उजळतो, पण आता उचललेला भाग उचललेलाच राहतो, हिस पूर्ण येते आणि तानपुरा गायकाच्या पुढे येऊन बसतो. त्यापेक्षा बटण बंद ठेवून, दोन्ही बाजू मोनोत एकत्र करून, हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवत वरचा पट्टा सर्वात स्वच्छ कुठे येतो ते शोधावं, आणि मग डॉल्बी लावावं. पातळीचं गणित मात्र डेकमध्येच बसवलेलं असतं. ज्या डेकवर कॅसेट भरली तोच चालू असेल, तर पहिली पसंती त्याला.

एक अपेक्षा ठेवू नये. माइकने टिपलेला पंख्याचा घरघराट, जवळून गेलेली लोकल, अॅम्प्लिफायरची स्वतःची हिस हे सगळं डॉल्बीच्या लेखी संगीतच. ते गाण्याबरोबर उचललं गेलं आणि गाण्याबरोबरच इमानदारीने खाली ठेवलं गेलं.

आज नव्याने निघणाऱ्या बहुतेक कॅसेट प्लेअरमध्ये हे सर्किट नसतं. तसल्या प्लेअरवर डॉल्बी बीची कॅसेट लावून ट्रेबल कमी करणं म्हणजे 'ना' आणि तानपुरा दोघांनाही सारखंच कापणं, कारण ट्रेबलचं बटण एका जागी स्थिर असतं आणि डॉल्बीची उचल क्षणाक्षणाला बदलत गेलेली असते. चालू स्थितीतला जुना डेक मिळेना, तर कोन जुळवून कॅसेट न उलगडता जशीच्या तशी संगणकावर उतरवून ठेवावी. डॉल्बी बी उलगडणारी सॉफ्टवेअर आहेत. पातळी दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून पाहता येते, आणि 'ना' वाजल्यावर तानपुरा जिथे हलत नाही ती पातळी बरोबर.