चिमटा आणि त्यासोबतची खूण

‘त्याचं तोंड फटकळ आहे, पण मन निर्मळ आहे’ असं आपण किती सहज म्हणून जातो. काही घरांत तर याला राशीचा आधार मिळतो: वृश्चिकेचा माणूस, बोचरं बोलणारच! राशीचा आणि जिभेचा काडीचाही संबंध नाही. अशा वाक्यांच्या आडोशाला रोज कुणाची तरी कुचेष्टा ‘स्वभाव’ म्हणून खपते, याचा मला मनापासून राग येतो. मन बाहेरून दिसत नाही, हे खरं. थट्टा कोणत्या जातीची आहे, ते मात्र बरंचसं दिसतं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली विनोदाच्या चार शैली मोजणारी ३२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. माणसं जोडणारा विनोद, अडचणीत स्वतःला सावरणारा विनोद, दुसऱ्यावर वार करणारा आक्रमक विनोद, आणि इतरांना हसवण्यासाठी स्वतःलाच पायदळी तुडवणारा आत्मघातकी विनोद. पण प्रश्नावलीत माणूस स्वतःबद्दल सांगतो. तुम्हाला चिडवणारा सहकारी काही ती भरून तुमच्या हातात देणार नाही. त्याची शैली त्याच्या वागण्यातूनच ओळखावी लागते.

त्यासाठी थट्टेची रचना पाहू. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांना खेळताना पाहिलं. ती एकमेकांना चावत होती, पण ते चावणं भांडणातलं नव्हतं, आणि हे दोघांनाही कळत होतं. म्हणजे ‘हा खेळ आहे’ असा निरोप चाव्यासोबतच जात होता. मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर यांनी माणसांच्या चिडवण्यात हीच जोडी दाखवली: एक चिमटा, आणि तो शब्दशः घेऊ नकोस असं सांगणारी खूण. ही खूण म्हणजे लांबवलेला सूर, अशक्य वाटावी इतकी अतिशयोक्ती, मिचकावलेला डोळा, मुद्दाम काढलेला खोटा आवाज. ‘लेकी बोले सुने लागे’मध्येही बोलणं आडूनच असतं, पण खेळाची खूण नसते. म्हणून तो टोमणा.

एक प्रसंग घेऊ. अकोल्याचा मुलगा पुण्यातल्या ऑफिसात नवा लागला आहे. डबा खाताना तो म्हणतो, “मी तेच करून राहिलो.” शेजारची ताई डोळे मोठे करून, सूर ओढत म्हणते, “अरे, करून राहिलास तर आम्हालाही थोडं शिकवून राहा की!” तो हसतो आणि तिच्या पेठी ‘त्यानं केलंन्’ची नक्कल करतो. सगळ्यात मोठ्यानं तीच हसते. उलटा चिमटा तिला चालतो, हे जोडणाऱ्या थट्टेचं मोठं लक्षण.

दुसऱ्या दिवशी टीमचा प्रमुख मीटिंगमध्ये, सपाट आवाजात म्हणतो, “आधी नीट मराठी बोलायला शिका, करून राहिले साहेब.” विषय तोच आहे. पण खूण नाही, समोर प्रेक्षक आहेत आणि उलट बोलायची सोय नाही.

खूण असली म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की चिडवणाऱ्याला आपला चांगला हेतू उघड दिसतो, पण समोरच्यापर्यंत तो तितकासा पोहोचत नाही. म्हणून मी हेतूपेक्षा पुढचे दोन क्षण पाहतो. मुलाचं हसू ओठांवरच अडकलं, तर ताई काय करते? थांबते, आवाज खाली आणते, “वाईट वाटलं का रे?” विचारते, आणि तो शब्द पुन्हा वापरत नाही. आक्रमक माणूस तिथेच जोर वाढवतो. “गंमतही कळत नाही का?” म्हणजे जखम झाली, आणि दोषही जखमी माणसाच्याच माथी.

आत्मघातकी शैली सर्वांत उशिरा ओळखू येते, कारण ती हसतमुख असते. दोन महिन्यांनी तोच मुलगा प्रत्येक मीटिंगची सुरुवात करतो, “मी आपला गावठी, मला काय कळतंय!” स्वतःवर अधूनमधून हसणं निरोगीच. मार्टिन तेही जोडणाऱ्या विनोदात धरतात. इथे फरक असा, की त्याला कुणी डिवचायच्या आधीच तो स्वतःला डिवचतो, विनोद प्रत्येक वेळी त्याच दुखऱ्या जागेवर पडतो, आणि कुणी गंभीरपणे “असं का म्हणतोस?” विचारलं तर उत्तरादाखल आणखी एक विनोद येतो. (या शैलीचा खालावलेल्या मनःस्थितीशी दिसणारा संबंध कितपत विनोदामुळे आणि कितपत मुळातल्या न्यूनगंडामुळे, यावर संशोधकांत वाद आहे.)

ताईला हे लक्षात आलं, तर तिनं त्या वाक्यावर हसू नये. “तुला कळतंय, कालचा तो रिपोर्ट तूच दुरुस्त केलास,” एवढंच म्हणावं, आणि तो पुढचा विनोद करतो की गप्प होतो ते पाहावं.