सिगारेटने उतरणारं टेन्शन येतं कुठून?

१७ जुलै १९६३ रोजी ब्राउन अँड विल्यमसन या अमेरिकन सिगारेट कंपनीच्या वकिलाने, अॅडिसन यामन यांनी, कंपनीपुरतं एक टिपण लिहिलं. निकोटिनचं व्यसन लागतं, तेव्हा आपला धंदा एक व्यसन लावणारं, ताणावर गुणकारी असं औषध विकण्याचा आहे, असा त्यातल्या एका वाक्याचा आशय. टिपण तीस वर्षं कपाटात राहिलं आणि १९९४ साली कंपनीची बाकीची कागदपत्रं फुटली तेव्हा लोकांसमोर आलं. गाजला तो त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग. व्यसन लागतं हे कंपन्यांना आधीपासून ठाऊक होतं, त्याचा तो लेखी पुरावाच होता. दुसऱ्या अर्ध्या भागाकडे, ‘ताणावर गुणकारी’ याकडे, फारसं कुणी पाहिलं नाही, कारण ते सगळ्यांनाच खरं वाटत होतं. आज पाहिलं तर असं दिसतं की तो दुसरा भाग बहुतांशी पहिल्यातूनच निघालेला आहे.

हा समज मुळात पसरला तो पहिल्या महायुद्धात. खंदकांतल्या सैनिकांना शिध्याबरोबर सिगारेटी मिळत. जेफ्री स्टडर्ट केनेडी हा इंग्रज पाद्री जखमी सैनिकांना वुडबाइन सिगारेटी वाटत फिरायचा, म्हणून त्याचं नावच ‘वुडबाइन विली’ पडलं. पुढे जाहिरातवाल्यांनी हेच उचललं. कॅमल सिगारेटच्या १९३०च्या दशकातल्या जाहिराती ओळीने पाहिल्या तर गंमत वाटते. आधी सांगितलं, थकवा आलाय, कॅमल ओढा, तरतरी येईल. चार-पाच वर्षांत तीच कंपनी सांगू लागली, नसा ताणल्यात, जरा थांबा, कॅमल पेटवा, शांत वाटेल. तीच सिगारेट मरगळलेल्याला उठवते आणि उठलेल्याला बसवते. असं दुहेरी औषध आपल्याकडे जत्रेतला वैदूही जपूनच विकेल.

मग या समजाला विज्ञानाचा शिक्का मिळाला. ‘स्ट्रेस’ हा शब्द आज ज्या अर्थाने आपण वापरतो तो रुळवणारे माँट्रियलचे हान्स सेल्ये यांनी १९६९ साली कॅनडाच्या संसदीय समितीपुढे साक्ष दिली. काही लोकांसाठी सिगारेट हा ताणावरचा उपयोगी उतारा असू शकतो, असा त्यांचा सूर होता. त्यांच्या संशोधनाला तंबाखू उद्योगाकडून पैसा मिळत होता, हे मात्र कंपन्यांची जुनी कागदपत्रं खुली झाल्यावरच नीट कळलं. सेल्ये खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. त्यांना तसं खरंच वाटत असेल. पण कंपन्यांना ते वाटणं फार सोयीचं होतं.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पॉल नेस्बिट नावाचा विद्यार्थी याच कोड्यावर प्रबंध लिहीत होता. निकोटिन शरीरात गेलं की अॅड्रेनालिन सुटतं, नाडी मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांनी वाढते, रक्तदाब चढतो, हाताच्या रक्तवाहिन्या आकसून बोटं थंड पडतात. परीक्षेच्या हॉलबाहेर उभं असताना होतं तेच हे सगळं. तरीही ओढणारा म्हणतो, ‘बरं वाटलं.’ शरीर तापतं आणि मन निवतं, हे कसं? याला पुढे ‘नेस्बिटचा विरोधाभास’ असं नाव पडलं.

कोड्याची गाठ सोडवली ती त्याच विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली शॅक्टर यांनी, १९७०च्या दशकात. त्यांच्या गटाचा एक प्रयोग जरा तपशिलात पाहण्यासारखा आहे. लोकांना टीव्हीवर नाटक बघायला बसवलं. मधूनमधून डोक्यावरून विमान गेल्यासारखा कानठळ्या बसवणारा आवाज सोडायचा आणि प्रत्येक वेळी विचारायचं, किती त्रास झाला? ओढणाऱ्यांपैकी काहींना भरपूर निकोटिनच्या सिगारेटी दिल्या, काहींना नावापुरतं निकोटिन असलेल्या, तर काहींना ओढूच दिलं नाही. भरपूर निकोटिन मिळालेल्यांना आवाजाचा त्रास सगळ्यांत कमी झाला. इथेच थांबलं असतं तर सिगारेट कंपनीने हा निकाल चौकटीत लावून भिंतीवर टांगला असता. पण शॅक्टर यांच्या गटाने आणखी एक गट घेतला होता, कधीच न ओढणाऱ्यांचा. त्यांनाही आवाजाचा त्रास तेवढाच कमी झाला होता, एकही झुरका न घेता.

सगळी मेख या चौथ्या गटात आहे. ओढणाऱ्याची तुलना ओढणाऱ्याशीच केली तर सिगारेट औषध ठरते. तीच तुलना न ओढणाऱ्याशी केली की कळतं, सिगारेटने त्याला कुठल्या उंचीवर नेलेलं नाही. तो खड्ड्यात होता, त्याला तिने जमिनीवर आणलं, एवढंच. विजेचे सौम्य झटके किती सहन होतात, हे पाहणाऱ्या प्रयोगांतही असंच निघालं. निकोटिन मिळालेला ओढणारा न ओढणाऱ्याइतकाच टिकला, निकोटिन न मिळालेला त्याच्या आधी हरला.

मग तो खड्डा खणला कुणी? दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा एक माणूस घेऊ. रात्री अकराला त्याने शेवटची विझवली, सकाळी सातला उठला. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. आठ तासांत ते चार वेळा निम्मं झालं, म्हणजे उरला सोळावा हिस्सा. रोजच्या निकोटिनला सरावलेल्या मेंदूने त्याला चिकटणारे ग्राहक रेणू वाढवून ठेवलेले असतात, आणि रात्रभरात ते सगळे रिकामे होऊन वाट बघत बसलेले असतात. त्यामुळे चिडचिड, अस्वस्थता, कशात लक्ष न लागणं. बायकोने दुधाच्या पिशवीचं विचारलं तरी हा खेकसतो. मग गॅलरीत जाऊन पेटवतो. धुरातून निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि दोन झुरक्यांत जग पुन्हा राहण्याजोगं होतं. दिवसातली पहिली सिगारेट सगळ्यांत गोड का लागते, त्याचं कारण इतकं साधं आहे. त्या वेळी खड्डा सगळ्यांत खोल असतो. व्यसन किती मुरलंय हे मोजणाऱ्या फागरस्ट्रॉम चाचणीतही सगळ्यांत मोलाचा प्रश्न हाच असतो की उठल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांत पेटवता.

पुढे दिवसभर हेच, लहान प्रमाणात. वीस सिगारेटी म्हणजे जागेपणी साधारण दर पाऊण-एक तासाला एक. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ अँडी पॅरट यांनी १९९०च्या दशकात ओढणाऱ्यांना प्रत्येक सिगारेटच्या आधी आणि नंतर आपला ताण आकड्यात नोंदवायला लावलं. आलेख करवतीच्या दात्यांसारखा निघाला. सिगारेटनंतर ताण उतरतो, पुढची येईपर्यंत हळूहळू चढतो, पुन्हा उतरतो. उतरून तो पोचतो न ओढणाऱ्याच्या नेहमीच्या पातळीपर्यंत. दिवसाची सरासरी काढली तर ओढणारा थोडा जास्तच ताणात असतो. १९९९ साली पॅरट यांनी हे सगळं एका लेखात मांडलं आणि प्रश्नच उलटा विचारला, सिगारेटच ताण निर्माण करते का?

मला वाटतं, मराठीला हे आधीच कळलेलं होतं. आपण म्हणतो तलफ येते आणि तलफ भागते. भागते ती तहान, भागते ती भूक. मिसरी लावणाऱ्या आजीही ‘मिसरीने डोकं हलकं होतं’ असं क्वचितच म्हणायच्या. ‘मिसरी लावली नाही की डोकं उठतं’ हे मात्र रोजचं. कार्यकारण त्यांनी बरोबर दिशेने सांगितलं होतं. गोंधळ झाला तो ‘टेन्शन’ हा शब्द आल्यावर. साहेब ओरडला त्याचं टेन्शन आणि पाऊण तासापूर्वीच्या सिगारेटचं टेन्शन, दोन्ही छातीत सारखंच जाणवतं, आणि टपरीवर दोन्हींना एकच नाव आहे.

हे खरं असेल तर सिगारेट कायमची सोडणाऱ्याचा ताण वाढायला नको, काही काळाने कमी व्हायला हवा. लंडनमध्ये पीटर हायेक आणि सहकाऱ्यांनी हे हृदयविकाराचा झटका येऊन किंवा बायपास होऊन दाखल झालेल्या ४६९ ओढणाऱ्यांवर तपासलं. त्यातल्या बहुतेकांचा विश्वास होता की सिगारेट आपल्याला ताण झेलायला मदत करते. वर्षभराने पाहिलं तर ज्यांनी ओढणं सोडलेलंच ठेवलं होतं त्यांचा ताण, पुन्हा ओढू लागलेल्यांच्या मानाने, स्पष्टपणे जास्त उतरला होता. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये असे २६ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यांचाही कल तोच निघाला. चिंता, नैराश्य आणि ताण, तिन्ही सोडणाऱ्यांमध्ये कमी झाले.

यातही फट आहे. कोण सोडणार आणि कोण ओढत राहणार, हे चिठ्ठी टाकून ठरवता येत नाही. ज्यांचं आयुष्य जरा सुरळीत झालं त्यांनाच सोडणं जमलं, असंही काही प्रमाणात असू शकतं. शिवाय सिगारेटचा सगळाच आराम तलफ भागण्यातून येतो असं नाही. खुर्चीवरून उठणं, पाच मिनिटं बाहेर उभं राहणं, मित्राशी बोलणं, सावकाश लांब श्वास घेणं, यानेही माणूस निवतो. पण त्या पाच मिनिटांत शेजारी नुसता कटिंग पीत उभा असतो, त्यालाही तेवढंच मिळतं. आणि कधीच न ओढणाऱ्याला निकोटिन दिलं तर तो शांत होत नाही. बहुतेकदा मळमळतं, गरगरतं. पहिली सिगारेट आठवणाऱ्यांना हे सांगायला नको.

एवढं सगळं असूनही समज टिकतो, कारण ओढणारा त्याची परीक्षा नेमक्या चुकीच्या दिवशी घेतो. निकोटिन तुटल्याचा त्रास पहिल्या आठवड्यात सगळ्यांत जास्त असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. सोमवारी सोडलेला माणूस गुरुवारी ऑफिसात कुणावर तरी भडकतो. सिगारेट सोडल्यावर आपल्याला टेन्शन झेपत नाही, असं त्याला वाटतं. खाली उतरून एक पेटवतो आणि दोन मिनिटांत खरंच शांत होतो. त्याच्या जागी कुणीही असता तरी सिगारेटचा गुण आला असंच म्हणाला असता, कारण चौथा गट त्याच्यापाशी नसतो.