ॲग्लोनिमाची पिवळी पानं आणि ‘कमी उजेडात चालतं’ या शेऱ्याची पार्श्वभूमी

ॲग्लोनिमा, म्हणजेच चायनीज एव्हरग्रीन, विकताना नर्सरीवाला हमखास एक वाक्य ऐकवतो: “घरात कुठेही ठेवा, याला उजेड लागत नाही.” झाड हॉलच्या आतल्या कोपऱ्यात जातं, दोन-तीन महिने छान दिसतं आणि मग खालची पानं एकेक करून पिवळी पडू लागतात. पुण्या-नाशिककडे हे नेमकं डिसेंबर-जानेवारीत झालं, तर पानांवर काळपट डागही उमटतात. मग पाणी वाढवलं जातं, खत टाकलं जातं आणि झाड आणखी खंगतं. नर्सरीवाल्याचं वाक्य खोटं नाही, पण तोंडोतोंडी येताना त्याच्या दोन अटी गळून पडल्या आहेत. त्या कुठल्या, हे समजण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

ॲग्लोनिमा ही अळूच्या कुळातली प्रजाती. व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हाइन्रिश शॉट यांनी 1829 मध्ये तिचं वर्णन केलं. तिच्या वीसेक जाती आहेत आणि त्यांचं घर ईशान्य भारतापासून दक्षिण चीन, थायलंड, मलेशिया, फिलिपिन्स आणि इंडोनेशियामार्गे न्यू गिनीपर्यंत पसरलेलं आहे. या जाती वाढतात त्या दाट जंगलाच्या जमिनीलगत. माथ्यावरच्या उन्हातला जेमतेम एक-दोन टक्के उजेड तिथे पोहोचतो. मात्र त्या सावलीत वारा सूर्याचे कवडसे हलवत असतो, दिवसाचे पूर्ण बारा तास उजेड असतो आणि बहुतेक ठिकाणी वर्षभर ऊब असते. सावली आणि ऊब ही त्या जंगलातली जोडी आहे. आपल्या घरात ती फुटते, हे पुढच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ.

‘चायनीज’ हे नाव ज्या जातीमुळे पडलं, ती ‘ॲग्लोनिमा मॉडेस्टम’. साधी हिरवी, नक्षी नसलेली. दक्षिण चीनमध्ये ती फार पूर्वीपासून घरात, कित्येकदा नुसत्या पाण्याच्या भांड्यातही, शुभ म्हणून ठेवली जाते. लंडनजवळच्या क्यू उद्यानात ॲग्लोनिमा 1885 मध्ये पोहोचला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये दिवाणखान्यात झाडं ठेवण्याची हौस जोरात होती आणि खोल्या अंधाऱ्या होत्या. सावली सोसणाऱ्या झाडाला याहून चांगली संधी कोणती? पण त्या दिवाणखान्यांत राज्य केलं ॲस्पिडिस्ट्राने. कारण उजेड नव्हे, थंडी. रात्री शेकोटी विझली की खोली गारठायची. ॲस्पिडिस्ट्रा ते सोसायची, उष्ण प्रदेशातल्या ॲग्लोनिमाला मात्र तापवलेलं काचघरच लागायचं. रात्रंदिवस उबदार राहणारी घरं आणि कार्यालयं पाश्चात्त्य देशांत सर्रास झाली, तेव्हा कुठे हे झाड काचघरातून बाहेर पडलं. सावली सोसण्याच्या या ख्यातीला ‘खोली उबदार हवी’ ही अट पहिल्यापासून चिकटलेली होती. ती नंतर सांगायची राहून गेली.

पुढचा टप्पा फ्लोरिडाचा. 1960च्या दशकात तिथे ‘सिल्व्हर क्वीन’सारखे रुपेरी पानांचे संकर बाजारात आले आणि मॉल, बँका, कार्यालयं यांच्यासाठी झाडं पुरवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. 1970च्या दशकात या धंद्याला एक प्रश्न छळत होता. भरपूर उन्हात वाढवलेली तजेलदार झाडं इमारतीत नेली की काही आठवड्यांत पानं गाळायची. सगळ्यात वाईट गत फायकसची व्हायची, पण इतर झाडंही सुटत नसत. अपॉप्का इथल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या केंद्रात चार्ल्स कॉनोव्हर आणि रिचर्ड पूल यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. विक्रीआधी झाड काही आठवडे जाळीच्या सावलीत आणि कमी खतावर ठेवलं, तर ते घरात टिकतं, हे त्यांच्या कामातून पक्कं झालं. ‘झाडाला आधी सावलीची सवय हवी’ ही गळून पडलेली दुसरी अट. या सवय लावण्यात पान खरोखर बदलतं. उन्हातलं पान जाड असतं. सावलीत फुटलेलं पान पातळ आणि रुंद असतं, त्यातलं हरितद्रव्य उजेड टिपता यावा अशा रीतीने पसरलेलं असतं आणि त्याचा श्वसनाचा खर्चही कमी असतो.

इथेच ‘कमी उजेडात चालतं’ याचा खरा अर्थ सापडतो. पान उजेडात साखर बनवतं आणि चोवीस तास श्वसनात ती खर्च करतं. उजेडाच्या एका पातळीला जमा आणि खर्च सारखे होतात. त्याच्या खाली गेलं की झाड साठवणीतून खाऊ लागतं. ॲग्लोनिमाची ही पातळी इतर बऱ्याच झाडांपेक्षा खाली आहे. त्याचं सोसणं म्हणजे एवढंच. वाढायला त्याला उजेड हवाच. व्यापारी लागवडीत त्याला साधारण दहा ते पंचवीस हजार लक्स उजेड दिला जातो. घरात खिडकीपासून मीटरभरावर, ऊन थेट न पडता, हजार-दोन हजार लक्स मिळाले तर झाड हळूहळू वाढतं. पाचशेच्या आसपास ते तग धरतं. हॉलच्या आतल्या कोपऱ्यात बहुधा शंभर-दोनशेच असतात, आणि आपल्या डोळ्यांना तो कोपराही पुरेसा उजळ वाटतो, म्हणून फसगत होते. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप काटेकोर नसलं तरी हजार आणि शंभर यांतला फरक नक्की दाखवतं.

अपुऱ्या उजेडातलं पिवळेपण ओळखता येतं. सर्वांत खालचं, जुनं पान आधी जातं, कारण झाड त्यातलं नत्र काढून वरच्या कोवळ्या पानांना देतं. पान सगळीकडून सारखं पिवळं होतं, डाग नसतात. महिन्याकाठी एखादं पान जातं, नवं पान मागच्यापेक्षा लहान येतं आणि देठ लांबतात. वर्षातून एखाद-दुसरं खालचं पान जाणं मात्र नेहमीचंच, त्यात काळजीचं काही नाही. खरी हानी पाण्याने होते. उजेड कमी म्हणजे झाड पाणीही कमी ओढतं, आणि गॅलरीतल्या झाडांच्या वेळापत्रकाने याला पाणी घातलं की कुंडी सुकतच नाही. मुळं कुजतात आणि तीन-चार पानं एकदम पिवळी, लिबलिबीत होतात. कुंडीतून आंबूस वास येतो, मूळ चिमटीत धरलं की साल निसटून आतला दोरा हाती उरतो. बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी, हा नियम अंधाऱ्या कोपऱ्यात कडक पाळावा लागतो. तिथे दोन पाण्यांमध्ये पंधरवडाही जाऊ शकतो.

आता थंडी. ॲग्लोनिमाला इजा व्हायला बर्फ पडावा लागत नाही. पारा बारा-तेरा अंशांखाली गेला की नाजूक वाणांच्या पेशींची आवरणं ताठरतात आणि आतला द्रव झिरपू लागतो. पानावर आधी गडद, तेलकट, पाणी शिरल्यासारखे चट्टे दिसतात, मग ते राखाडी-तपकिरी होऊन सुकतात आणि भोवतीचा भाग पिवळा पडतो. सगळे वाण सारखे नाजूक नसतात. या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात थंडीच्या चाचण्या झाल्या, तेव्हा सगळ्यांत लोकप्रिय ‘सिल्व्हर क्वीन’च फार नाजूक निघाला आणि ‘स्टार्स’ नावाचा वाण बराच कणखर. म्हणजे शेजारच्या घरातला ॲग्लोनिमा थंडीत टवटवीत राहिला म्हणून आपलाही राहील, असं नाही.

थंडीचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. कुंडीतली माती अठरा अंशांच्या खाली गार राहिली की मुळं मातीतलं तांबं हे सूक्ष्म अन्नद्रव्य नीट उचलू शकत नाहीत. फ्लोरिडातल्या उत्पादकांना हा अनुभव जुना आहे. यात जुनी पानं हिरवीगार राहतात आणि शेंड्याची नवी पानं फिकट पिवळी व खुरटी येतात. पिवळेपण वरून सुरू झालं, तर आधी कुंडीची जागा तपासावी. उघड्या फरशीवरून ती लाकडी स्टुलावर घेतली तरी फरक पडतो.

एक उदाहरण घेऊ. जानेवारीतलं पुणं, पहाटेचं तापमान नऊ-दहा अंश. ‘सिल्व्हर क्वीन’ची कुंडी उत्तरेच्या खिडकीशी आहे आणि रात्री खिडकी फटभर उघडी राहिली. सकाळी झाड ठीक दिसतं. पण एक-दोन दिवसांत मधल्या, पूर्ण वाढलेल्या पानांवर चट्टे येतात, तेही खिडकीकडच्या बाजूला जास्त. शेंड्याची कोवळी गुंडाळी शाबूत असते. एकाच बाजूला, एकाच वेळी, मधल्या पानांवर: हे पाण्याचं किंवा उजेडाचं दुखणं नव्हे. चट्टे भरून येत नाहीत. तरीही अर्ध्याहून अधिक हिरवं असलेलं पान कापू नये, कारण उरलेल्या हिरव्यावर झाड जगतंय. कुंडी रात्री खिडकीपासून आत घ्यावी, खत थांबवावं. टाकीचं पहाटेचं गार पाणी तसंच घालू नये, ते खोलीच्या तापमानाला आलं की दुपारी घालावं. शेंडा कडक असेल तर उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पानं येतात.

मुंबई, कोकण, गोव्यात थंडीची ही भीती जवळपास नाही, पण तिथे जमाखर्चाची दुसरी बाजू सतावते. कमी उजेडाचे जे आकडे पुस्तकांत छापले जातात, ते बहुतांशी एकवीस-बावीस अंशांवर ठेवलेल्या कार्यालयांसाठी. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसन जवळजवळ दुप्पट होतं. मेमधल्या तीस अंशांच्या रात्री झाडाचा खर्च वाढलेला असतो आणि कोपऱ्यातल्या उजेडाची जमा तेवढीच राहते. म्हणून जो अंधारा कोपरा परदेशी कार्यालयात चालून जातो, तो दादरच्या घरात कमी पडतो.

लाल-गुलाबी वाणांसाठी तर हा शेरा आणखी सैल आहे. इंडोनेशियाचे ग्रेगोरी हंबाली यांनी 1980च्या दशकात सुमात्रातल्या ‘ॲग्लोनिमा रोटुंडम’पासून ‘प्राइड ऑफ सुमात्रा’ हा लाल छटेचा संकर तयार केला. पुढे इंडोनेशिया आणि थायलंडच्या संकरकारांनी रंगांची रांगच लावली. आपल्या नर्सऱ्यांत आज याच रंगीत वाणांची जास्त चलती आहे. यांच्या पानात हिरवा भाग थोडा, म्हणून साखरही थोडी बनते. कोपऱ्यात ठेवलं की नवी पानं मळकट हिरवी येऊ लागतात. यांना पूर्वेच्या खिडकीलगत, पातळ पडद्याआडची जागा द्यावी. आतल्या कोपऱ्यासाठी झाड हवंच असेल तर साधा हिरवा मॉडेस्टम मागावा.