क्रोमा की

हिरव्या किंवा निळ्या पडद्यासमोर व्यक्तीचे चित्रीकरण करून नंतर तो पडदा काढायचा आणि त्या जागी दुसरे दृश्य बसवायचे, या पद्धतीला क्रोमा की म्हणतात. स्टुडिओत तिला नुसते ‘क्रोमा’ म्हणतात. सपाट पडदा नाहीसा करणे कोणत्याही एडिटिंग सॉफ्टवेअरला एका क्लिकमध्ये जमते. खरे काम असते ते केस, ओढणीचा पदर, बोटांची टोके अशा ठिकाणी. तिथे हिरवी रेघ राहिली किंवा केस कात्रीने कापल्यासारखे दिसले, की पार्श्वभूमी कितीही देखणी असली तरी प्रेक्षकाला जोड कळतोच. ही नोंद मुख्यतः त्या कडांविषयी आहे.

कड म्हणजे रेघ नव्हे

व्यक्ती कुठे संपते आणि पडदा कुठे सुरू होतो, हे दाखवणारी नेमकी रेघ चित्रात नसते. एक केस पिक्सेलपेक्षा बारीक असू शकतो. मग त्या एकाच पिक्सेलमध्ये केसाचा आणि पडद्याचा रंग मिसळून नोंदवला जातो. लेन्सचा फोकस किंचित मऊ असेल किंवा हात हलत असेल, तर हा मिश्र पट्टा आणखी रुंद होतो. या मिश्रणाचे सूत्र असे मांडतात :

```
C = αF + (1 − α)B
```

इथे C म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला रंग, F म्हणजे व्यक्तीचा खरा रंग आणि B म्हणजे पडद्याचा. α, म्हणजे अल्फा, हा त्या पिक्सेलमधला व्यक्तीचा वाटा, ० ते १ यांच्या दरम्यानचा. सर्व पिक्सेलचे अल्फा एकत्र करून जे काळे-पांढरे चित्र तयार होते, त्याला मॅट म्हणतात. त्यात पांढरे ते ठेवायचे, काळे ते काढायचे आणि करडे ते अर्धवट ठेवायचे. चांगल्या कडा म्हणजे मॅटमधल्या या करड्या छटा शाबूत राहणे.

पडदा ओळखून मॅट बनवणाऱ्या साधनाला कीअर म्हणतात. आज वापरात असलेल्या बहुतेक चांगल्या कीअरच्या मुळाशी रंगफरकाची कल्पना आहे. ती अमेरिकी अभियंते पेट्रो व्लाहोस यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस, निळ्या पडद्यासाठी आणि फिल्मच्या रासायनिक प्रक्रियेत, प्रत्यक्षात आणली. हा पिक्सेल पडद्याच्या रंगासारखा आहे का, असे विचारण्याऐवजी ही पद्धत पाहते, की त्यातला हिरवा उरलेल्या दोन रंगांपैकी मोठ्या रंगापेक्षा किती जास्त आहे. पडद्यावर हा फरक मोठा असतो. त्वचा, काळे केस, पांढरा सदरा, सोने यांच्यात तो शून्य किंवा ऋण असतो. मिश्र पिक्सेलमध्ये तो मिश्रणाच्या प्रमाणातच येतो, म्हणून करड्या छटा आपोआप मिळतात.

एक उदाहरण

समजा, मोकळे केस, नाकात नथ आणि हातात हिरवा चुडा अशा वेशातली निवेदिका हिरव्या पडद्यासमोर बसली आहे. ० ते २५५ या मापात पडद्याचा रंग लाल ४०, हिरवा १८०, निळा ६० आहे. फरक १८० वजा ६०, म्हणजे १२०. तिच्या केसांचा खरा रंग ५०, ३५, ३० आहे. तिथे हिरवा लालपेक्षा कमी, म्हणून फरक शून्य धरायचा. आता केस आणि पडदा निम्मे-निम्मे मिसळलेला पिक्सेल घ्या. त्याचा रंग साधारण ४५, १०८, ४५ येतो आणि फरक ६३. १२०ला ६३ने भागायचे नाही, ६३ला १२०ने भागायचे : पडद्याचा वाटा सुमारे ०.५२, म्हणजे अल्फा ०.४८. खरे उत्तर ०.५ होते. (हे गणित प्रकाशाच्या सरळ प्रमाणात धरले आहे. नेहमीच्या व्हिडिओत उजेड सरळ प्रमाणात साठवत नाहीत, त्याला गॅमा म्हणतात, आणि त्यामुळे आकडे थोडे सरकतात, तर्क बदलत नाही.)

मॅट बरोबर आला, पण काम झाले नाही. त्या पिक्सेलचा रंग अजूनही हिरवाच आहे. तो तसाच, अल्फा ०.५ धरून, अर्धपारदर्शक करून २००, १७०, १४० अशा उबदार भिंतीवर ठेवला, तर १२२, १३९, ९२ असा शेवाळी रंग मिळतो. यायला हवा होता १२५, १०३, ८५. हीच ती केसांभोवतीची हिरवी झाक. म्हणून मॅट काढणे आणि रंगातला हिरवा उतरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. नवशिके दुसऱ्याचे दुखणे पहिल्यावर उपचार करून बरे करायला जातात : झाक दिसली की मॅट आत ढकलतात, आणि झाकेबरोबर केसही जातात.

हिरवा उतरवण्याच्या क्रियेला डीस्पिल म्हणतात. तिचा साधा नियम असा, की हिरव्याला लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा वर जाऊ द्यायचे नाही :

```
G = min(G, (R + B) / 2)
```

इथे R, G, B म्हणजे लाल, हिरवा, निळा; आधीच्या सूत्रातला पडद्याचा B वेगळा. आपला पिक्सेल यामुळे ४५, ४५, ४५ होतो आणि भिंतीवर १२२, १०७, ९२ दिसतो. खऱ्या उत्तराच्या इतका जवळ, की फरक डोळ्याला कळणार नाही. मात्र हाच नियम नथीवर चालवून पाहा. सोन्याचा रंग २००, १५०, ६० धरला तर लाल-निळ्याची सरासरी १३० येते, हिरवा १५०वरून १३०वर उतरतो आणि सोने तांब्याकडे झुकते. जरीचे काठ आणि हळदीचा पिवळा यांचेही तेच होते. सरासरीऐवजी लाल आणि निळ्यातला मोठा रंग मर्यादा म्हणून धरला, तर सोने वाचते. पण गालावर पडद्याचा उजेड पडून त्वचा १९०, १६५, ११० झाली असेल, तर हा सौम्य नियम तिला हातच लावत नाही. त्यामुळे चेहऱ्याला आणि केसांना पहिला नियम, दागिन्यांना आणि काठांना दुसरा, अशी मास्क लावून, म्हणजे चित्राचा तेवढाच भाग आखून, वाटणी करतात. एकाच डीस्पिलने सगळे साधायचा हट्ट धरला की काही ना काही बिघडतेच.

चुड्याचे काय? हिरव्या बांगडीचा रंग २०, ११०, ५० असेल तर फरक ६० येतो. गणिताला ती केसाच्या कडेसारखीच अर्धी पारदर्शक वाटते आणि मनगटातून मागची भिंत दिसू लागते. यावर सॉफ्टवेअरमध्ये एकच इलाज : मनगटाभोवती मास्क काढून तो हाताबरोबर हलवत राहायचे. निळा पडदा लावणे हा त्याहून कितीतरी स्वस्त उपाय आहे. निळ्याला उजेड जास्त लागतो आणि त्या चॅनेलमध्ये दाणेही जास्त दिसतात, तरी हिरव्या वेशासाठी तोच बरा.

कड कॅमेऱ्यापाशी बिघडते

रंगफरकाच्या गणितात पडद्याचा एकच रंग धरला जातो. पडद्याच्या कोपऱ्यात उजेड कमी पडून तिथला रंग ३०, १३०, ४५ झाला, तर फरक ८५ येतो, म्हणजे पडद्याचा वाटा ०.७१ आणि अल्फा ०.२९. तो कोपरा मॅटमध्ये काळा न होता करडा राहतो आणि चित्रावर धुरकट पदर दिसतो. तो घालवायला आफ्टर इफेक्ट्समधल्या कीलाइट या कीअरमध्ये `Clip Black`, म्हणजे ज्याखालचे सगळे काळे होते ती मर्यादा, ३०पर्यंत वर न्यावी लागते, आणि त्याच क्षणी ज्यांचा वाटा ३० टक्क्यांहून कमी होता ते सगळे बारीक केस संपूर्ण चित्रभर नाहीसे होतात. पडद्यावरचा असमान उजेड शेवटी केसांच्या टोकाशी फेडावा लागतो तो असा. म्हणून पडद्यासाठी वेगळे दिवे लावतात, कापडाच्या सुरकुत्या ताणून काढतात आणि उजेडाची पातळी दाखवणाऱ्या वेव्हफॉर्म या आलेखावर पडद्याची पट्टी सपाट आणि अरुंद दिसेपर्यंत दिवे हलवतात. पडदा भगभगीत उजळायचाही नाही. व्यक्तीवर पडणारा हिरवा उजेड त्यानेच वाढतो. व्यक्ती पडद्यापासून सहा-आठ फूट पुढे बसली तर हा उजेड बराच कमी होतो. घरातल्या लहान खोलीत एवढी जागा नसते, आणि घरच्या व्हिडिओंत खांद्यांवर हिरवा दिसतो त्याचे नेहमीचे कारण हेच आहे.

दुसरे नुकसान रेकॉर्डिंगमध्ये होते. मोबाईल आणि बहुतेक साधे कॅमेरे ४:२:० पद्धतीने साठवतात. १९२० बाय १०८० चित्रात उजेडाची माहिती पूर्ण असते, पण रंगाची माहिती फक्त ९६० बाय ५४० बिंदूंची. क्रोमा की तर रंगावरच चालते, त्यामुळे तिरकी कड पायऱ्यांसारखी दिसते. ४:२:२मध्ये आडव्या दिशेने निम्मी माहिती राहते आणि उभ्या दिशेने पूर्ण. कॅमेऱ्यात सोय नसेल तर ४केमध्ये टिपून १०८०ला उतरवणे हा व्यवहारी मार्ग आहे, कारण ४केमधली निम्मी रंगमाहिती म्हणजेच १९२० बाय १०८०. कॅमेऱ्यातले शार्पनिंग बंद ठेवावे. ते कडेवर कृत्रिम गडद आणि उजळ रेघा ओढते. त्या रेघा मिश्रणाच्या सूत्रात कुठेच बसत नाहीत आणि नंतर काढताही येत नाहीत.

मॅट साफ करताना

की लावल्यावर चित्राकडे नव्हे, मॅटकडे पाहावे. कीलाइटमध्ये `Screen Matte` हे दृश्य त्यासाठीच आहे. व्यक्तीच्या आत करडे डाग दिसले की हात `Clip White`कडे, म्हणजे ज्यावरचे सगळे पांढरे होते त्या मर्यादेकडे, जातो. तो ४५पर्यंत खाली आणला की डाग भरतात, पण आपला ०.४८ अल्फाचा केस आता पूर्ण अपारदर्शक होतो आणि डोक्यावर टोपी घातल्यासारखी जाड, राखाडी कड तयार होते. त्याऐवजी दोन मॅट करावेत. एक मऊ, फक्त कडांसाठी, ज्यात आत डाग राहिले तरी चालतील. दुसरा कडक, पण काही पिक्सेल आत ओढलेला, जो फक्त ते डाग झाकेल. दोन्ही एकत्र केले की आतला भाग भरीव राहतो आणि कडेला कोणी हात लावत नाही. पडद्याच्या टोकांचे स्टँड, दिवे वगैरे आधीच ढोबळ मास्कने कापून टाकावेत, म्हणजे कीअरला फक्त व्यक्तीजवळचा हिरवा सोडवावा लागतो. उजेड फारच असमान असेल तर व्यक्तीशिवायच्या रिकाम्या पडद्याचे चित्र घेऊन ठेवतात, म्हणजे प्रत्येक जागी तिथलाच हिरवा वजा करता येतो. कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर असेल तेव्हाच हे सरळ जमते.

निकाल तपासताना पार्श्वभूमी आधी करडी, मग पांढरी आणि काळी करून पाहावी. पांढऱ्यावर गडद रेघ दिसली आणि हिरवेपणा मात्र नसेल, तर दोष बहुधा कीचा नसतो : रंगाला अल्फाने आधीच गुणलेले असते आणि पुढचे सॉफ्टवेअर पुन्हा गुणते. आयात करतानाचे `Premultiplied` आणि `Straight` हे पर्याय तपासले की ती जाते. थांबलेल्या फ्रेमवर कड सुरेख दिसते आणि चालू व्हिडिओत सळसळते, असेही घडते. ते दाण्यांमुळे, आणि कीला दाणे काढलेली प्रत देऊन चित्र मात्र मूळचेच वापरले की बरेच शमते.

काचेचा पेला, धूर किंवा चष्म्यात उमटलेला पडदा यांना मात्र ही पद्धत पुरी पडत नाही. तिथे पारदर्शकता आणि प्रतिबिंब दोन्ही हिरवे दिसतात आणि त्यातले काय ठेवायचे हे फरकाचे गणित सांगू शकत नाही. चष्म्याचे भिंग थोडे खाली कलवून प्रतिबिंब चित्रीकरणातच टाळणे, किंवा फ्रेमगणिक हाताने मास्क काढणे, एवढेच मार्ग उरतात.