कापलेल्या पट्टीतले ४०० ज्यूल

राजारामपुरीत राहणारी माझी भाची यंदा बारावीला आहे. परवा रात्री तिने एका गणिताचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोनही केला. "मामा, माझा ताळा जुळतोय की. मग उत्तरं चुकली का म्हणतात सर?"

फोटो मैत्रिणीकडून आला होता. त्यात दाब-आकारमानाचा आलेख होता, उभ्या अक्षावर दाब आणि आडव्या अक्षावर आकारमान. हेलियमसारखा एकआण्विक वायू एका त्रिकोणातून फिरून मूळ जागी येतो. 'अ' बिंदूपाशी आकारमान २ लिटर, दाब १ लाख पास्कल. तिथून सरळ वर 'ब', दाब ३ लाख, आकारमान तेवढंच. मग तिरकी रेघ उतरत 'क'पर्यंत जाते, तिथे ६ लिटर आणि १ लाख पास्कल. शेवटी आडव्या रेघेने परत 'अ'. प्रत्येक टप्प्यात वायूने केलेलं कार्य आणि घेतलेली किंवा सोडलेली उष्णता काढायची होती.

कार्य म्हणजे रेघेखालचं क्षेत्रफळ, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आकडेमोडही सोपी आहे, कारण १ लाख पास्कल गुणिले १ लिटर म्हणजे बरोबर १०० ज्यूल. अ ते ब आकारमान बदलत नाही, म्हणून कार्य शून्य. ब ते क या रेघेखाली तिला त्रिकोण दिसला, त्याचं क्षेत्रफळ ४०० ज्यूल. क ते अ ही रेघ तर अक्षावरच टेकलेली, म्हणून तिथेही शून्य. एकूण ४००.

मी तिला एवढंच विचारलं, "उभ्या अक्षावर सगळ्यात खालचा आकडा कुठला आहे?" तो १ होता. फोटो कापताना शून्य ते १ ही खालची पट्टी गेली होती. क्षेत्रफळ मोजायचं ते फोटोच्या कडेपर्यंत नव्हे, शून्य दाबापर्यंत. ब ते क सरासरी दाब २ लाख, आकारमान ४ लिटरने वाढलं, म्हणजे कार्य ८०० ज्यूल. क ते अ वायू दाबला जातो, म्हणून उणे ४००. बेरीज पुन्हा ४००च! पट्टीतले ४०० ज्यूल जाताना मिळवले जातात आणि येताना वजा होतात, म्हणून पूर्ण फेरीच्या बेरजेत ही चूक कधीच पकडली जात नाही.

पंक्चरच्या दुकानात हवा तपासायचा मीटर असतो, त्याचंही असंच आहे. टायर बसला की तो शून्य दाखवतो, पण आत वातावरणाइतका, म्हणजे साधारण १ लाख पास्कल दाब असतोच. आपल्या फोटोतून नेमका तेवढाच दाब कापला गेला होता.

आता उष्णता. पहिला नियम सांगतो, Q = ΔU + W. वायूला दिलेली उष्णता काही त्याच्या आंतरिक ऊर्जेत जाते, उरलेली कार्यात. (रसायनशास्त्राच्या पुस्तकात वायूवर केलेलं कार्य धन धरतात, तिथलं चिन्ह इथे आणायचं नाही.) एकआण्विक आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा दाब आणि आकारमानाच्या गुणाकाराच्या दीडपट असते. म्हणून 'अ'पाशी ३०० ज्यूल, आणि 'ब' व 'क' दोन्हीकडे ९००. त्यावरून अ ते ब ६०० ज्यूल उष्णता आत, ब ते क ८०० आत, आणि क ते अ १००० बाहेर.

भाचीच्या उत्तरात हेच आकडे ६००, ४०० आणि उणे ६०० होते. त्यांचीही बेरीज ४००च येते, म्हणून तिचा ताळा जुळला. चूक ओळखायची खूण वेगळीकडे होती. क ते अ वायू ६ लिटरवरून २ लिटरवर आला. दाब असलेला वायू एवढा आक्रसला आणि कार्य शून्य, हे होऊच शकत नाही.

ब आणि क यांचं तापमान सारखं, म्हणून मधली वाट समतापी समजायचा मोह होतो. पण वाटेत ४ लिटरपाशी दाब २ लाख आहे, गुणाकार ६०० ऐवजी ८०० ज्यूल. म्हणजे वायू आधी तापतो, मग निवतो. ४ ते ५ लिटर या पट्ट्यात मला सगळ्यात गंमत वाटते. तिथे आंतरिक ऊर्जा ७५ ज्यूलने घटते, पण कार्य १७५ ज्यूल होतं, म्हणजे वायू १०० ज्यूल उष्णता घेत असतो आणि तरीही निवत असतो. ५ लिटरनंतर मात्र पारडं फिरतं. ऊर्जा २२५ ने घटते, कार्य १२५ होतं, आणि १०० ज्यूल बाहेर पडतात.

त्यामुळे ब ते क मध्ये निव्वळ उष्णता ८०० असली, तरी आत गेलेली ९०० आहे. याच फेरीची कार्यक्षमता विचारली तर ४०० ला १४०० ने नव्हे, १५०० ने भागायचं.