पकडीआधी शेपटी: पाचवी ते आठवीच्या वर्गाला कबड्डी शिकवताना

सर, बाई, नमस्कार.

या पिशवीत 40 पट्टे आणि 80 रिबिनी आहेत. पट्टा कसा बांधायचा ते चार ओळींत सांगता आलं असतं. पण शाळांमधून आम्हाला फोन येतात ते पट्ट्याबद्दल नसतात. "वर्गात चाळीस मुलं आहेत. चार-पाच जण तालुक्याला खेळून आलेत, दहा जण चढाईला उठतच नाहीत, एकीला दमा आहे. सगळ्यांना एकत्र कसं खेळवू?" असं विचारतात. हे पत्रक त्या प्रश्नासाठी आहे.

पकड आधी का नको

सातवीच्या एकाच बाकावर तीस किलोचं मूल आणि पंचावन्न किलोचं मूल शेजारी बसलेलं असतं. पकड करताना घोटा धरला की चढाई करणाऱ्याचा पाय जागेवर थांबतो, पण अंग पुढे जातच राहतं. मग तो तळहातावर किंवा कोपरावर पडतो. मॅटवर आणि सरावाच्या खेळाडूंमध्ये हे निभतं. मुरमाच्या मैदानावर, पहिल्यांदाच खेळणाऱ्या मुलांत मनगट दुखावतं. त्याहून वाईट म्हणजे ज्याला एकदा असं आपटलं, तो पुढच्या वेळी मागच्या रेषेला चिकटून उभा राहतो आणि कबड्डीतलं काहीच शिकत नाही.

शेपटी-कबड्डीत पकडीची जागा रिबीन घेते. चढाई करणाऱ्याच्या कमरेला दोन्ही बाजूंना एकेक रिबीन लटकते. बचाव करणाऱ्याने ती ओढून काढली की पकड झाली असं धरायचं. कमरेची रिबीन शाबूत ठेवून चढाई करणारा मध्यरेषेच्या अलीकडे आला की तो सुटला. बाकी चढाई, दम, निदानरेषा, कोपरा, साखळी सगळं तेच राहतं. मुलामुलींना एकाच संघात खेळवताना अंगाला धरण्याचा संकोचही उरत नाही.

पट्टा बांधताना

पट्टा शर्टावरून, कमरेच्या हाडांवर बसेल असा लावा. रिबिनी उजव्या-डाव्या बाजूला हव्यात, पोटासमोर नकोत. समोर रिबीन असली की ओढणारा खाली वाकून डोकं पुढे आणतो आणि डोक्याला डोकं लागतं. रिबिनीचं टोक गुडघ्याच्या वर संपलं पाहिजे. उंचीने लहान मुलासाठी रिबीन दुमडून लावा, नाहीतर तिच्यावर स्वतःचाच पाय पडतो.

चिकटपट्टी सैल झाली म्हणून गाठ मारू नका. सुरुवातीला आम्हीच नाडीचे, गाठ मारायचे पट्टे शिवत होतो. एका शाळेत रिबीन सुटली नाही, मुलगा पट्ट्यासकट ओढला गेला आणि त्याची दोन्ही कोपरं सोलली. ती चूक आमच्या शिवणीची होती. तेव्हापासून नाडी बंद केली. दोन बोटांनी ओढून रिबीन सुटत नसेल तर तो पट्टा बाजूला ठेवा.

हात कुठे लावायचा

चढाई करणाऱ्याने उघड्या तळहाताने दंडाला, खांद्याला किंवा पाठीला स्पर्श करायचा. मूठ नको. मान, चेहरा, छाती आणि कमरेखाली स्पर्श केला तर तो धरायचा नाही. पायाने स्पर्श आणि लाथ हे पुढच्या वर्षी.

बचाव करणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर हवेत. सूर मारून रिबीन काढली तर ती मोजायची नाही. शर्ट, पट्टा किंवा मनगट धरलं तर चढाई करणारा सुटला असं धरा. त्यानेही स्वतःची रिबीन हाताने झाकायची नाही, कारण झाकणारा हात आणि ओढणारा हात एकमेकांवर आपटून बोटं मुरगळतात.

खेळ सुरू होण्याआधी नखं, बांगड्या, कडी, घड्याळं आणि केसातल्या पिना बघा. सगळे अनवाणी किंवा सगळे बुटात असू द्या. बुटाचा पाय उघड्या बोटांवर पडला की तास तिथेच संपतो.

मैदान

खुल्या गटातल्या पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर असतं. या वयाच्या चार-चार मुलांना 8 बाय 6 मीटर पुरतं. मध्यरेषा मधोमध आखा आणि दोन्ही बाजूंना दीड मीटरवर निदानरेषा काढा. दोन मैदानांत आणि चारही बाजूंना दोन मीटर जागा मोकळी सोडा, कारण मुलं परत येताना जोरात येतात आणि रेषेवर थांबत नाहीत. अशी चार मैदानं 22 बाय 18 मीटरच्या जागेत बसतात. रेषा रांगोळीने काढा. चुन्याची फक्की डोळ्यात गेली की आग होते, आणि दोरीत पाय अडकतो. आधी खडे वेचून घ्या. फरशीवर किंवा पाऊस पडून गेल्यावरच्या चिखलात हा खेळ नको.

पायऱ्या

पहिली पायरी हलणं आणि स्पर्श. जोड्या मध्यरेषेच्या दोन बाजूंना उभ्या राहतात. गुडघे थोडे वाकलेले, नजर समोरच्याच्या कमरेवर, आणि पाय न ओलांडता बाजूला सरकायचं. मग एकमेकांच्या दंडाला टिपायचं. अनेक शाळांत इथे गुडघा टिपण्याचा खेळ घेतात. तो आम्हाला पटत नाही. दोघे एकदम वाकतात आणि कपाळं भिडतात.

दुसरी पायरी दम. पलीकडे कोणीच नसताना एकेकाने मध्यरेषा ओलांडायच्या आत "कबड्डी" सुरू करायचं, एक पाय निदानरेषेपलीकडे टाकायचा आणि त्याच दमात परत यायचं. खेळात चढाईला 30 सेकंद मिळतात, पण इथे आठ-दहा सेकंद भरपूर झाले. जे मूल मध्येच श्वास घेतं त्याला पुन्हा पाठवू नका, त्याची निदानरेषा अर्ध्या मीटरने जवळ आणा.

तिसऱ्या पायरीत रिबिनी येतात. एक चढाई करणारा आणि समोर दोन बचाव करणारे. चौथ्या पायरीत तिसरा गडी येतो आणि साखळी शिकवायची. साखळीत तळहात तळहातावर ठेवून धरायचं, बोटांत बोटं गुंफायची नाहीत. बाहेरचा रिकामा हात रिबिनीसाठी. दोघांनी एकदम पुढे यायचं नाही, एकाने वाट अडवायची आणि दुसऱ्याने रिबीन घ्यायची. इथे घाई करू नका. साखळी जमली नाही तर चार-चारचा खेळ म्हणजे नुसती पळापळ होते.

चौथा तास, इयत्ता सातवी, 40 मुलं, 35 मिनिटं

पहिली पाच मिनिटं पट्टे आणि नखं बघण्यात जातात. नंतर पाच मिनिटं जोडीने दंड टिपणं. पुढची आठ मिनिटं एकास तीन. त्यानंतर बारा मिनिटं खेळ. चार मैदानांवर प्रत्येकी चार विरुद्ध चार, आणि प्रत्येक मैदानाला दोन मदतनीस. एक गुण लिहितो, दुसरा रिबीन सुटली की हात वर करतो. दर तीन मिनिटांनी मदतनीस बदलतात. मदतनीस म्हणून नेहमी तीच दोन मुलं राहत नाहीत ना, एवढं मात्र तुम्हाला बघावं लागेल.

खेळात दोन नियम बदललेले आहेत. बाद झालेला गडी एकाच चढाईपुरता बाहेर राहतो आणि मग आपोआप आत येतो. नेहमीच्या खेळात जो कच्चा तोच आधी बाद होतो आणि जास्त वेळ बसतो, म्हणजे ज्याला सराव हवा त्यालाच मिळत नाही. दुसरं, चढाई क्रमाने करायची. क्रम ठरला नाही तर दोनच मुलं सगळ्या चढाया करतात.

आता मुलांची कुवत. त्यासाठीच रिबिनी दोन आहेत. तालुक्याला खेळलेला मुलगा एक रिबीन गेली की बाद. नवख्या मुलीच्या दोन्ही रिबिनी गेल्याशिवाय ती बाद नाही. कोणी कोणत्या नियमाने खेळायचं ते मुलांनीच चढाईआधी "एक" किंवा "दोन" असं ओरडून सांगावं. तुम्ही नावं घेऊन ठरवलंत तर वर्गासमोर शिक्का बसतो. साधारणपणे मुलं स्वतःला बरोबर ओळखतात, आणि जो सारखं "दोन" म्हणून सुटतो त्याला त्याचेच मित्र "एक" म्हणायला लावतात.

दमा असलेल्या मुलीला दम धरायला लावू नका. तिच्या चढाईला तिचा संघ मागून एका सुरात दहा वेळा "कबड्डी" म्हणेल, तेवढ्यात तिने जाऊन यायचं. श्वासाचा पंप मैदानाच्या कडेला, तिला दिसेल असा ठेवा. अडखळत बोलणाऱ्या मुलालाही हाच सामूहिक सूर उपयोगी पडतो, इतरांबरोबर एका लयीत म्हणताना जीभ पुष्कळदा मोकळी होते. पण तो नको म्हणाला तर आग्रह नको, टाळ्यांवर चढाई होऊ द्या.

कमी दिसणाऱ्या मुलाच्या विरुद्ध खेळणाऱ्यांना लाल रिबिनी द्या. पांढऱ्या गणवेशावर पिवळी रिबीन हरवते. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाची रिबीन खुर्चीच्या पाठीच्या वरच्या कडेला चिकटवा, चाकाच्या आऱ्यांजवळ कधीच नको. त्याच्या चढाईला बचाव करणारे चालत हलतील, पळणार नाहीत.

शेवटची पाच मिनिटं रिबिनी गोळा करून मोजायला.

बिघडतंय हे कसं ओळखायचं

शर्टाच्या शिवणी उसवू लागल्या किंवा पट्टे फाटू लागले तर मुलं रिबीन सोडून माणूस धरताहेत. पुन्हा एकास दोनवर या. चढाई करणारे मध्यरेषेवरच घुटमळत असतील तर निदानरेषा लांब आहे. बचावाचे चौघेही मागच्या रेषेवर असतील तर त्यांना अजून भीती वाटते, त्यांच्यापैकी दोघांना साखळीत पुढे उभं करा. एकाच मैदानावरून सारखी रड येत असेल तर तिथली जोडी बदला.

या पट्ट्यांवर खरी पकड शिकवू नका. त्यासाठी मॅट हवी, वजनाच्या जोड्या हव्यात आणि पकडीचा अनुभव असलेले शिक्षक हवेत. सुरुवातही उभ्याने नाही, गुडघ्यावर बसून होते.

देखभाल

चिकटपट्टीत मुरूम आणि केस अडकले की पकड कमी होते. जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करा. पट्टे साध्या साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा, उन्हात चिकटपट्टीची कड वळते. पिशवीच्या आतल्या कप्प्यात दहा सुट्या चिकटपट्ट्या शिवायच्या ठेवल्या आहेत. त्या संपल्या की कळवा, पट्टा नवीन घ्यायची गरज नाही.